शेतकरी उत्पादक कंपनी की सहकारी संस्था: भांडवल कुठून येते आणि लगाम कोणाच्या हाती राहतो

प्रश्न: आम्ही चार गावांतले 400 सोयाबीन उत्पादक आहोत. प्रत्येकी 3,500 रुपये काढून एकत्र खरेदी, प्रतवारी आणि थेट तेल कारखान्याला विक्री करायचे ठरले आहे. काही जण म्हणतात सहकारी संस्था करा, काही म्हणतात उत्पादक कंपनी करा, कारण कंपनीत भांडवल लवकर उभे राहते आणि सरकारची ढवळाढवळ नसते. हे कितपत खरे आहे?

उत्तर:

सरकारची ढवळाढवळ नसते, हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. भांडवल लवकर उभे राहते, हे मात्र खरे नाही. भांडवलाच्या बाबतीत उत्पादक कंपनीचे हात सहकारी संस्थेइतकेच बांधलेले असतात, फक्त दोरी वेगळ्या ठिकाणी बांधलेली असते. ती कुठे बांधली आहे हे नोंदणीआधी कळले नाही, तर पहिल्याच हंगामात व्यवहार अडतो.

'कंपनी' हा शब्द ऐकला की शेअर बाजार, गुंतवणूकदार, भागभांडवलाची वाढती किंमत असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. उत्पादक कंपनीत यातले काहीच नाही. वाय. के. अलघ समितीच्या शिफारशींनंतर 2002 च्या दुरुस्तीने ही रचना 1956 च्या कंपनी कायद्यात घातली गेली आणि आज ती 2013 च्या कायद्यातील कलम 378अ पासूनच्या प्रकरणात आहे. सहकाराची तत्त्वे तशीच ठेवून तिच्यावर कंपनीचे कातडे चढवायचे, हाच तिचा मूळ हेतू होता. म्हणून सभासद फक्त प्राथमिक उत्पादक किंवा उत्पादकांची संस्थाच होऊ शकते. दहा उत्पादक व्यक्ती एकत्र आल्या की नोंदणी करता येते. भागभांडवल फक्त समभागांचेच असते, अग्रहक्क भाग नसतात. वैयक्तिक सभासदाकडे एक शेअर असो की हजार, मत एकच. शेअर बाहेर विकता येत नाही. संचालक मंडळाच्या मंजुरीने तो दुसऱ्या सक्रिय सभासदाला दर्शनी किमतीलाच देता येतो. आता स्वतःला गुंतवणूकदाराच्या जागी ठेवून पाहावे. पैसे घातले तरी मत वाढत नाही, शेअरची किंमत वाढत नाही, बाहेर पडताना दर्शनी किंमत मिळते आणि मुळात शेतकरी असल्याशिवाय आत येताच येत नाही. असे भांडवल बाहेरून कोण घालणार?

नाशिक जिल्ह्यातील सह्याद्री फार्म्सने 2022 मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांकडून सुमारे 310 कोटी रुपये उभे केले, हे उदाहरण अशा चर्चेत हमखास पुढे केले जाते. ते पैसे उत्पादक कंपनीत आलेले नाहीत. ते तिच्या उपकंपनीत आले, जी प्रक्रिया व विक्रीचे काम पाहते आणि साध्या कंपनीच्या नियमांनी चालते. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी वर राहिली आणि गुंतवणूकदार तिच्या खालच्या कंपनीत बसले. हा मार्ग कायदेशीर आणि चांगला आहे, पण तो मोठी निर्यात आणि अनेक वर्षांचा ताळेबंद हाती असलेल्यांचा आहे. 400 सभासदांच्या पहिल्या हंगामाला त्याचा काही उपयोग नाही.

सहकारी संस्थेकडे भांडवलाच्या दोन वाटा आहेत, ज्या कंपनीकडे नाहीत. पहिली म्हणजे शासकीय भागभांडवल, ज्याच्या जोरावर महाराष्ट्रातले अनेक साखर कारखाने आणि सूतगिरण्या उभ्या राहिल्या. उत्पादक कंपनीत शासन भागधारक होऊच शकत नाही, कारण शासन काही सोयाबीन पिकवत नाही. दुसरी वाट जिल्हा मध्यवर्ती बँकेची. या बँकेची घडणच सहकारी संस्थांना कर्ज देण्यासाठी झालेली असल्याने तिथली माणसे, अर्ज आणि परंपरा सगळे संस्थेच्या बाजूचे असते. कंपनीच्या वाट्याला त्याऐवजी अनुदान आले. फेब्रुवारी 2020 मध्ये सुरू झालेल्या 10,000 उत्पादक संघटनांच्या केंद्रीय योजनेत सभासदांनी भरलेल्या शेअर रकमेइतके, प्रति सभासद 2,000 रुपयांपर्यंत आणि एका संघटनेला जास्तीत जास्त 15 लाख रुपये समभाग अनुदान आहे. शिवाय बँक कर्जाला हमीही आहे. मात्र या योजनेत सहकारी संस्थाही पात्र आहेत, त्यामुळे अनुदानासाठी म्हणून कंपनी काढणे हे कारण होऊ शकत नाही. आपली संघटना योजनेत निवडली गेली तर आपल्याला 8 लाख रुपये मिळू शकतील, पण खालच्या हिशेबात मी ते धरलेले नाहीत. पदरात पडेपर्यंत अनुदान धरू नये, ही माझी जुनी सवय आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. 400 जणांचे प्रत्येकी 3,500 म्हणजे 14 लाख रुपये. प्रतवारी यंत्र, वजनकाटा, बारदान आणि नोंदणीचा खर्च मिळून 4 लाख गेले असे समजू. खेळते भांडवल 10 लाख उरले. सभासदांकडे सरासरी 15 क्विंटल विक्रीयोग्य सोयाबीन असेल, तर एकूण माल 6,000 क्विंटल होतो. दर 4,500 रुपये धरला, तर ही 2 कोटी 70 लाखांची खरेदी आहे. दसऱ्यापासून पुढे साधारण 45 दिवस आवक चालली, तर रोज सुमारे 133 क्विंटल, म्हणजे 6 लाखांचा माल काट्यावर येतो. ट्रक भरायला दोन-तीन दिवस आणि कारखान्याकडून पैसे यायला बारा दिवस लागले, तर प्रत्येक दिवसाचा पैसा 15 दिवस अडकून राहतो. म्हणजे सतत 90 लाख रुपये बाहेर असतात आणि आपल्या हातात आहेत दहा.

इथे उत्पादक कंपनीच्या कायद्यातली एक तरतूद कामाला येते. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात व्यवहाराला सर्वांत उपयोगी तीच आहे. सभासदाने माल दिला की त्याला सुरुवातीला किती किंमत द्यायची, हे संचालक मंडळ ठरवते. उरलेली किंमत नंतर रोख, वस्तुरूपाने किंवा त्या वर्षी दिलेल्या मालाच्या प्रमाणात शेअर देऊन चुकवता येते. मंडळाने ठराव केला की काट्यावर 80 टक्के आणि कारखान्याचे पैसे आल्यावर बाकी द्यायचे, तर 90 लाखांची गरज 72 लाखांवर येते. बँका मालतारणावर साधारणपणे चौथा हिस्सा संस्थेचा स्वतःचा मागतात. आपल्या 10 लाखांवर त्या हिशेबाने 30 लाख कर्ज मिळाले, तर हातात 40 लाख होतात. त्यातून एका वेळी 50 लाखांचा माल अडकवून ठेवता येतो. रोजच्या खरेदीत ते सुमारे 74 क्विंटल बसते आणि 45 दिवसांत 3,300 क्विंटलच्या आसपास. थोडक्यात, पहिल्या हंगामात सभासदांचा निम्म्याहून थोडा अधिक माल घेता येईल, सगळा नाही. ही गोष्ट पहिल्या सभेतच स्पष्ट सांगावी, कारण ज्याची पोती काट्यावरून परत जातात तो सभासद पुन्हा येत नाही.

पुढच्या वर्षी हा आकडा वाढवायचा, तर स्वनिधी वाढला पाहिजे. समजा मंडळाने क्विंटलमागे 50 रुपये शेअरसाठी मागे ठेवायचे ठरवले. वीस क्विंटल आणणाऱ्या सभासदाचा माल 90,000 रुपयांचा झाला. काट्यावर त्याच्या खात्यात 72,000 जमा झाले, पंधरवड्याने 17,000, आणि राहिलेल्या 1,000 रुपयांचे वर्षअखेरीस दहा रुपये दर्शनी किमतीचे 100 शेअर त्याच्या नावावर चढले. 3,300 क्विंटलवर असे 1 लाख 65 हजार जमतात. रक्कम लहान वाटते, पण चौथ्या हिश्श्याच्या नियमाने ती सहा-साडेसहा लाखांची खरेदी जास्त पेलते. पाच वर्षे नियमाने माल देणाऱ्या या सभासदाचे भागभांडवल 3,500 वरून 8,500 होते. फक्त शेअर घेऊन घरी बसलेल्याचे 3,500 च राहते. कायद्याला हेच हवे आहे, कारण सभासदाचे शेअर शक्यतो त्याच्या व्यवहाराच्या प्रमाणात असावेत असे त्यात म्हटले आहे. देशातल्या मोठ्या दूध उत्पादक कंपन्या दुधाच्या पुरवठ्याशी शेअर जोडतात त्या याच तत्त्वावर.

सहकारातल्या जुन्या माणसाला हे ओळखीचे वाटेल. उसाच्या बिलातून टनामागे कापलेली बिनपरतीची ठेव आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. कल्पना एकच आहे, फरक पैशाच्या नावात आहे. सहकारी संस्थेच्या नफ्यातला किमान एक चतुर्थांश भाग दरवर्षी राखीव निधीत जातो आणि तो निधी सर्वांचा असतो, कोणाच्या नावाचा नसतो. लाभांशावर 15 टक्क्यांची मर्यादा आहे आणि त्याहून जास्त द्यायचा तर निबंधकांची मंजुरी लागते. त्यामुळे संस्था मजबूत होते, पण ती माझ्यामुळे किती मजबूत झाली हे सभासदाला कुठेच दिसत नाही. कंपनीतही सर्वसाधारण राखीव निधी दरवर्षी ठेवावाच लागतो आणि भांडवलावरचा परतावा मर्यादितच असतो. परंतु त्यानंतर उरलेला वाढावा व्यवहाराच्या प्रमाणात बोनस म्हणून, रोख किंवा शेअरच्या रूपाने, सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने वाटता येतो. राखीव निधीतून बोनस शेअरही देता येतात, मात्र ते धरलेल्या शेअरच्या प्रमाणात. म्हणजे कंपनीत भांडवल लवकर उभे राहत नाही, ते हळूच वाढते, पण सभासदाच्या नावावर वाढते.

यात एक चूक मी वारंवार पाहिली आहे. एका कंपनीने किलोमागे एक रुपया मागे ठेवला, पण तसा ठराव खरेदी सुरू झाल्यानंतर तीन आठवड्यांनी केला आणि पावतीवर फक्त 'कपात' असे लिहिले. गावात शेतकऱ्याला कपात म्हणजे हमाली, तोलाई, आणि मातीच्या नावाखाली कापलेले दोन किलो, एवढेच माहीत असते. 'व्यापारीही कापायचा, तुम्हीही कापता' असे म्हणत निम्मे लोक डिसेंबरपर्यंत पुन्हा आडतीकडे गेले. पैसे कुठेच गेले नव्हते, वहीत नीट होते. पण पावतीवर एकूण किंमत, आता दिलेली रक्कम, नंतर द्यायची रक्कम आणि शेअरसाठी ठेवलेली रक्कम अशा चार ओळी छापल्या नसल्यामुळे एक हंगाम वाया गेला. ठराव खरेदीच्या आधी करावा आणि पावतीपुस्तक त्याप्रमाणे छापून घ्यावे.

आता कारभाराकडे वळू, कारण 'ढवळाढवळ नाही' या वाक्यात अर्धे सत्य आहे ते इथे.

सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली येते. निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली होते, निबंधक कलम 83 खाली चौकशी लावू शकतात, कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी पदाधिकाऱ्यांवर निश्चित करू शकतात आणि ठरावीक कारणांनी मंडळ बाजूला सारून प्रशासक नेमला जाऊ शकतो. या अधिकारांचा राजकारणासाठी वापर होतो, ही तक्रार सर्वांना ठाऊक आहे आणि ती निराधार नाही. कंपनीत यातले काही नाही. तिथे कंपनी निबंधक कागद वेळेवर आले की नाही एवढेच पाहतो. AOC-4 आणि MGT-7, म्हणजे वार्षिक हिशेबाचा आणि वार्षिक विवरणपत्राचा अर्ज, उशिरा भरले तर प्रत्येक अर्जामागे रोज 100 रुपये जादा शुल्क चढत जाते, आणि सलग तीन वर्षे विवरणपत्रे भरली नाहीत तर संचालक अपात्र ठरतात. काट्यावर कोणाचा माल आधी घेतला, मंडळात एकाच घरातले चौघे कसे आले, हे विचारायला त्या कार्यालयातून कोणी येत नाही. ढवळाढवळ नाही, याचा दुसरा अर्थ असा की वाचवायलाही कोणी येत नाही. लगाम धरायचा असेल तर तो सभासदांनीच धरायचा असतो आणि त्यासाठी कायद्याने दोन-तीन दोऱ्या दिल्या आहेत.

पहिली दोरी गणपूर्तीची. नियमावलीत त्याहून जास्त संख्या ठरवली नसेल, तर सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांपैकी एक चतुर्थांश उपस्थित हवेत. आपल्याकडे म्हणजे 100 माणसे. सभासदसंख्या फुगवणाऱ्यांना ही अट फार जड जाते, आणि मग उपस्थितीच्या वहीत सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या दिसू लागतात. मी कोणत्याही कंपनीत गेलो की ताळेबंदाआधी ही वही मागतो. त्यानंतर सभासद नोंदवही आणि खरेदी वही शेजारी ठेवून नावे जुळवतो. एका ठिकाणी कागदावर 600 च्या वर सभासद होते, खरेदी वहीत मात्र 70 नावे होती, आणि त्यातला मोठा माल संचालकांच्या घरांतला. कायद्याचे सगळे अर्ज वेळेवर भरलेले होते. ती कंपनी कागदावर उत्पादकांची आणि व्यवहारात आठ-नऊ घरांची होती.

दुसरी दोरी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची. कायद्याप्रमाणे तो पूर्णवेळ असावा लागतो आणि सभासदांपैकी नसावा लागतो. मंडळावर तो पदसिद्ध संचालक असतो. सहकारातल्या सचिवाशी त्याची तुलना करतात, पण त्याचा अधिकार बराच मोठा आहे, कारण रोजचा व्यवहार, बँक, हिशेब आणि नेमणुका त्याच्याच हातून होतात. पैसे वाचवण्यासाठी अध्यक्षांच्या भाच्याला या पदावर बसवणे हे जवळजवळ रिवाजासारखे झाले आहे. कायद्याची अट तांत्रिकदृष्ट्या पाळली जाते, कारण भाचा सभासद नसतो. पण मग कारखान्याकडून आलेला दर आणि सभासदाला दिलेला दर यांतल्या फरकाचा जाब विचारणारे कोणी उरत नाही.

संचालक किमान पाच आणि कमाल पंधरा असतात, त्यांची मुदत एक ते पाच वर्षांच्या दरम्यान नियमावलीने ठरते. मंडळ आपल्या संख्येच्या एक पंचमांशापर्यंत तज्ज्ञ संचालक घेऊ शकते, पण अध्यक्षाच्या निवडीत त्यांना मत नसते. धान्य व्यापार खरोखर जाणणारा एखादा माणूस या जागेवर घ्यावा, मात्र त्याची स्वतःची आडत नसावी.

तिसरी गोष्ट नियमावलीतच लिहून घ्यावी लागते, नंतर सुचून उपयोग नाही. मतदानाचा हक्क फक्त सक्रिय सभासदांना ठेवण्याची मुभा कायद्यात आहे, आणि सक्रिय कोण हे नियमावली ठरवते. सल्लागाराकडून आलेल्या तयार मसुद्यात हे कलम बहुधा मोघम असते. आपण त्यात आकडा घालावा, उदाहरणार्थ मागील तीन हंगामांपैकी दोन हंगामांत किमान 5 क्विंटल माल कंपनीला दिलेला असावा. असे केले नाही तर पाच वर्षांनी मत देणाऱ्यांत बहुमत अशांचे असते, ज्यांनी कंपनीला एक पोतेही दिलेले नाही.

वसुली आणि वाद या बाजूने मात्र सहकारी संस्था सरस आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. थकबाकीसाठी तिच्याकडे कलम 101 चा वसुली दाखला आहे आणि वादासाठी सहकार न्यायालय. कंपनीतले सभासद आणि मंडळाचे वाद लवाद किंवा सामोपचाराने सोडवावे लागतात, आणि त्याचा खर्च वीस-पंचवीस हजारांच्या थकबाकीला परवडत नाही. म्हणून बी-खते उधारीवर देणे हा आपला मुख्य व्यवसाय होणार असेल, तर मी कंपनी सुचवणार नाही. कंपनीने उधारी दिलीच, तर ती येणाऱ्या मालाच्या किमतीतून वळती होईल एवढीच द्यावी.

आपला बेत खरेदी, प्रतवारी आणि विक्रीचा आहे आणि शासकीय भागभांडवलाची अपेक्षा दिसत नाही. त्यामुळे मी कंपनीच्या बाजूने कल देतो. निर्णय आताच पक्का करावा, कारण आधी राज्याच्या कायद्याखाली सहकारी संस्था नोंदवून पुढे तिचे कंपनीत रूपांतर करू, असा बेत असेल तर तो चालणार नाही. उत्पादक कंपनीत रूपांतराची सोय आंतरराज्य सहकारी संस्थांनाच आहे. नोंदणीपूर्वी चारही गावांत एकेक बैठक घ्यावी आणि वरच्या हिशेबातला 80 टक्क्यांचा आणि 50 रुपयांचा ठराव लोकांसमोर मांडावा. 'पंधरा दिवस थांबू' असे म्हणून नाव लिहून देणारे 150 जण जरी निघाले, तरी कंपनी 400 ऐवजी त्या 150 जणांची काढावी. बाकीच्यांचे शेअर पुढच्या हंगामात घेता येतात.